शेडवर पाटी नवी, माणसं जुनीच. कंपनी खरी कोणाची हे कागदावरून कसं शोधायचं?

अंबडवाला
नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन व्हीएमसी आणि एक लेथ, जॉबवर्क करतो. एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे माझे १४ लाख ३० हजार अडकलेत, ऑक्टोबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ ची बिलं. कंपनीचं नाव घेत नाही, इथले बरेच जण ओळखतील. ज्या साहेबांशी मी आठ वर्षं व्यवहार केला ते आता म्हणतात माझा त्या कंपनीशी काही संबंध नाही, मी कधीच बाहेर पडलो. कंपनी मंत्रालयाच्या, म्हणजे एमसीएच्या साइटवर बघितलं तर डायरेक्टर म्हणून एक त्यांचा अकाउंटंट आणि दुसरा त्यांचा ड्रायव्हर!! ड्रायव्हर म्हणजे तोच जो साहेबांना गेटवर सोडून माझ्याकडे चहा प्यायला यायचा. त्याच शेडमध्ये २०२३ पासून नव्या नावाची कंपनी चालू आहे, मशीन तीच, सुपरवायझर तोच, नुसती पाटी बदलली. नव्या कंपनीतही साहेबांचं नाव कुठेच नाही. मला एवढंच कळायला हवं की पडद्यामागे कोण आहे आणि ते कागदावर दाखवता येतं का.

सातपूरकर
सोप्पंय. दोन्ही कंपन्यांचा रजिस्टर्ड पत्ता बघा, ईमेल बघा. सेम असेल तर मालक सेम. मी असंच एकाला पकडलं होतं.

अंबडवाला
पत्ता सेमच आहे सातपूरकर! कॅनडा कॉर्नरचं ऑफिस. म्हणजे झालं ना काम?

मेघना_त्र्यंबक रोड
थांबा थांबा, नाही झालं. मी अकरा वर्षं एका कंपनी सेक्रेटरीच्या ऑफिसात फायलिंग केलंय, आता पत्रकारांना अशी कागदपत्रं शोधून द्यायचं काम करते. आमच्या एका जिन्यावर ७०-८० कंपन्यांचा पत्ता होता, कारण सगळ्यांनी सीएचाच पत्ता टाकलेला. ईमेलचंही तेच, ओटीपी आपल्याकडे यावा म्हणून ऑफिसचाच आयडी टाकायचो. तेव्हा पत्ता जुळला म्हणजे सीए एक आहे इतकंच कळतं. त्यावरून मालक म्हणालात आणि त्यांनी वकिलाची नोटीस पाठवली तर तुम्हीच अडकाल.

आणि दुसरं, डायरेक्टर म्हणजे मालक नव्हे. डायरेक्टर सही करतो, पगारही घेत असेल, पण कंपनी शेअर ज्याच्याकडे त्याची. फुकटात जो मास्टर डेटा दिसतो त्यात डायरेक्टर आणि बँकेचे बोजे दिसतात, शेअरहोल्डर दिसत नाहीत. त्यासाठी लॉगिन करून `View Public Documents` मध्ये जा, कंपनीमागे शंभर रुपये भरा आणि वार्षिक रिटर्न म्हणजे MGT-7 उतरवा. एक वर्षाचा घेऊन थांबू नका, सगळी वर्षं घ्या, कारण खेळ बदलात असतो. पैसे भरलेत तर बोजाचे कागद CHG-1 पण त्याच फेरीत उतरवून ठेवा, ते नंतर लागतील.

कांदेपाटील
ताई आमचीपण फर्म आहे लासलगावला, तीन भावांची, २००३ ची. धाकट्याने आम्हाला न विचारता त्याच्या मुलाला पार्टनर घेतलं म्हणतो. हे एमसीएवर दिसेल का? मी नाव टाकलं तर काहीच येत नाही, फर्म बोगस आहे का आमची??

मेघना_त्र्यंबक रोड
पाटील, बोगस नाही हो. तुमची भागीदारी फर्म आहे, कंपनी नाही. ती एमसीएत नसते, रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे असते. तिथून फर्मचा उतारा मिळतो, त्यात भागीदार कधी आला कधी गेला ते असतं. पण रजिस्टर केलेली असेल तरच.

अंबडवाला
जुन्या कंपनीचे MGT-7 उतरवले. पण ताई त्यात शेअरहोल्डरची यादी नाहीच, नुसते एकूण आकडे आहेत. मुद्दाम लपवलंय बहुतेक.

मेघना_त्र्यंबक रोड
मोबाइलवर उघडलं ना? हे प्रत्येकाचं होतं. त्या काळातला फॉर्म म्हणजे पीडीएफच्या पोटात दुसरे पीडीएफ असतात, क्रोममध्ये किंवा मोबाइलवर नुसता वरचा फॉर्म दिसतो. कॉम्प्युटरवर अ‍ॅडोबी रीडरमध्ये उघडा, डाव्या बाजूला पेपरक्लिपचं चिन्ह येईल, त्यात यादी सापडेल. एका रिपोर्टरने याच कारणाने "भागधारकांची नावे दडवली" अशी बातमी लिहून ठेवली होती, छापायच्या आदल्या दिवशी मी थांबवली.

अंबडवाला
सापडली!!! हे बघा. मार्च २०२० ची यादी, एकूण १०,००० शेअर, साहेब ७,००० आणि मॅडम (त्यांच्या बायको) ३,०००. मार्च २०२२ ची यादी, साहेब शून्य, मॅडम शून्य. ड्रायव्हर २,०००, अकाउंटंट २,००० आणि मुंबईची एक इन्व्हेस्टमेंट कंपनी ६,०००. मुंबईच्या कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलंही नाही. मार्च २०२२ नंतर एकही रिटर्न भरलेला नाही, तरी स्टेटस अ‍ॅक्टिव्ह दाखवतंय.

सातपूरकर
मग काय, ड्रायव्हर २० टक्के मालक. गरिबाने गाडी चालवता चालवता कंपनी घेतली, प्रगती आहे 😄

मेघना_त्र्यंबक रोड
सातपूरकर हसताय पण मुद्दा तोच आहे. अंबडवाले, त्याच MGT-7 मध्ये शेअर ट्रान्सफरचा तक्ता बघा, तारीख, किती शेअर आणि दर शेअरमागे रक्कम. मग त्याच वर्षाचं AOC-4 काढा, त्यात ताळेबंद असतो. रिझर्व्ह म्हणजे साठलेला नफा किती आहे ते सांगा.

अ‍ॅक्टिव्हचं म्हणाल तर अजून स्ट्राइक ऑफ झाली नाही, म्हणजे सरकारी नोंदीतून नाव काढलेलं नाही, एवढाच अर्थ. तुमच्या हातातलं चित्र मार्च २०२२ चं आहे, आजचं नाही, हे डोक्यात ठेवा. मध्ये शेअर हातोहात फिरले असतील तर कळायला मार्ग नाही, कारण ट्रान्सफरचा फॉर्म SH-4 कंपनीच्या कपाटात राहतो, कंपनी रजिस्ट्रार म्हणजे आरओसीकडे जातच नाही. पुढचा रिटर्न भरला तरच दिसतं.

अंबडवाला
ट्रान्सफर नोव्हेंबर २०२१, दर १० रुपये. रिझर्व्ह १ कोटी ८० लाख.

मेघना_त्र्यंबक रोड
आता हिशोब करा. १०,००० शेअर, रिझर्व्ह १ कोटी ८० लाख, म्हणजे एका शेअरमागे १,८०० आणि वर दर्शनी १० रुपये. १,८१० रुपये पुस्तकी किंमत असलेला शेअर १० रुपयाला दिला. ड्रायव्हरला २,००० शेअर २० हजारात मिळाले, ज्यांची पुस्तकी किंमत ३६ लाखाच्या वर जाते. पुस्तकी किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे हे मान्य, उधारी बुडीत असेल तर रिझर्व्ह नुसता कागदावरचा. पण इतका फरक असला की प्रश्न विचारायचा हक्क तयार होतो.

कायद्याने बघाल तर शेअर एकाच्या नावावर आणि लाभ दुसऱ्याचा असेल तर दोघांनी कंपनीला कळवायचं असतं आणि कंपनीने MGT-6 भरायचा. तो भरलाय का बघा. नसणारच बहुतेक, पण "नाही" हेसुद्धा नोंदवून ठेवा, तारखेसकट.

गोदाकाठ
मी थोडं बोलू का. बँकेत होतो, क्रेडिट डिपार्टमेंट, आता निवृत्त. २०१९ पासून BEN-2 नावाचा फॉर्म आहे, १० टक्के किंवा त्याहून जास्त ज्याचा खरा हक्क त्याचं नाव त्यात द्यावंच लागतं. तो काढा की खेळ खलास, एवढं खोदायचं कारणच नाही. आणि BEN-2 नसेल तर सरळ गुन्हा आहे, तक्रार ठोका.

मेघना_त्र्यंबक रोड
काका अर्धं बरोबर. १० टक्क्याची रेष बरोबर, पण जो माणूस थेट स्वतःच्या नावावर शेअर धरून आहे त्याला BEN-2 लागतच नाही. तो फॉर्म आडून धरणाऱ्यांसाठी आहे, मधे दुसरी कंपनी, एलएलपी म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, ट्रस्ट असलं काही असेल तर. म्हणून घरगुती कंपन्यांत BEN-2 नसणं अगदी नॉर्मल आहे, त्यावरून चोर ठरवता येत नाही.

इथे मात्र मधे मुंबईची कंपनी आहे, ६० टक्क्यांची. अंबडवाले, आणखी शंभर रुपये. तिचा MGT-7 काढा.

अंबडवाला
काढला. मॅडम ५५ टक्के, साहेबांचा मेहुणा ४५ टक्के. 😶
मी गुणाकार केला, मॅडमचे ६० चे ५५ टक्के म्हणजे ३३ आणि मेहुण्याचे २७. दोघंही १० च्या वर, म्हणजे दोघांचा BEN-2 हवा ना? जुन्या कंपनीत एकाचाही नाही, आणि MGT-6 पण नाही, आजची तारीख टाकून स्क्रीनशॉट ठेवलाय.

मेघना_त्र्यंबक रोड
गुणाकार अर्थशास्त्रात ठीक, या नियमात चालत नाही, आणि इथे भलेभले घसरतात. मधल्या कंपनीत माणसाचा निम्म्याहून जास्त वाटा आहे का एवढंच बघायचं. असेल तर मधल्या कंपनीचे सगळे ६० टक्के त्याच्या खात्यावर धरायचे, ३३ नाही. मॅडमचे ५५ आहेत, म्हणून ६० टक्के मॅडमचे. मेहुण्याचे ४५, निम्म्याच्या खाली, म्हणून या कसोटीवर त्याचा शून्य. २७ टक्के फायदा घरी जातोय तरी शून्य! म्हणूनच कुणाला लपायचं असेल तर ४९ वर थांबतात. ५५ ठेवणाऱ्याचा सल्लागार जरा कच्चा होता असं म्हणायचं.

अ‍ॅड_पंचवटी
मेघनाताईंच्या शेवटच्या मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. कंपनी कायद्याच्या कलम ९० मध्ये "एकट्याने किंवा मिळून" असे शब्द आहेत. बायको आणि भाऊ एकाच घरचे, मिळून वागतात असं दाखवलं तर मेहुणाही येतो. शिवाय टक्के नसले तरी नियंत्रण असेल तर वेगळी कसोटी आहेच. २०२४ मध्ये दिल्लीच्या आरओसीने लिंक्डइन इंडियाच्या प्रकरणात सत्या नाडेला आणि रायन रोस्लान्स्की यांना असंच धरलं, दंडही लावला. तिथे त्यांच्या शेअरचा प्रश्न नव्हता, कंपनी कोणाच्या सांगण्यावर चालते हा होता.

मेघना_त्र्यंबक रोड
वकीलसाहेब, ती ऑर्डर वाचलीय. पण तिथे पगार कोण ठरवतं, रिपोर्टिंग कोणाला, पैशाची मंजुरी कोण देतं असा मालमसाला आरओसीच्या हातात होता. आपल्याकडे नातं सोडून काय आहे? मेहुणा मेहुणा आहे हा पुरावा नाही. मी तरी माझ्या पत्रकाराला "मॅडमचं नियंत्रण नोंदीवरून दिसतं" इथपर्यंतच लिहू दिलं असतं.

अ‍ॅड_पंचवटी
बातमीसाठी तुम्ही म्हणता ते ठीक. तक्रारीसाठी मी दोघांचं नाव टाकेन, चौकशी त्यांनी करावी.

लंडनस्थ_नाशिककर
इकडे हे सगळं फुकट आहे हो. कंपनीज हाऊसच्या साइटवर कुठलीही कंपनी उघडा, खरा ताबा कोणाचा ते २०१६ पासून नावासकट, २५ टक्क्यांच्या वर. पैसे नाहीत, लॉगिन नाही. भारतात शंभर शंभर रुपये कशाला?

मेघना_त्र्यंबक रोड
फुकट आहे खरं, पण तिथे वर्षानुवर्षं कुणी तपासत नव्हतं, लोकांनी वाट्टेल ती नावं भरली. शंभर रुपयाचा मला राग नाही, रिटर्नच भरत नाहीत त्याचा आहे.

अंबडवाला
आता नवी कंपनी. MGT-7 मध्ये दोनच नावं. एक एलएलपी ९,९९९ शेअर आणि एक माणूस १ शेअर. हा एक शेअरवाला कोण? मला वाटतं हाच मुख्य प्यादा.

मेघना_त्र्यंबक रोड
एक शेअरवाल्याला सोडा. प्रायव्हेट कंपनीला किमान दोन सभासद लागतात म्हणून कुणाला तरी एक शेअर देऊन उभं करतात, बहुतेक वेळा ऑफिसातलाच कुणीतरी. त्याच्या मागे लागून लोकांचे दिवस जातात. एलएलपी पकडा. तिच्या मास्टर डेटात फक्त डेझिग्नेटेड पार्टनर दिसतील, बाकीचे पार्टनर दिसत नाहीत. सगळे हवे असतील तर तिचं वार्षिक रिटर्न Form 11 उतरवा, त्यात प्रत्येक पार्टनर आणि त्याचं भांडवल असतं.

अंबडवाला
मास्टर डेटात साहेबांचा पुतण्या आणि तोच मेहुणा. Form 11 मध्ये तिसरं नाव आहे, मॅडम, भांडवल २ टक्के. एवढंसं. २ टक्क्याला कोण विचारतं, सोडून देऊ का?

मेघना_त्र्यंबक रोड
अजिबात नको, इथे उलटं आहे! मधे एलएलपी किंवा भागीदारी असेल तर पार्टनर असणं पुरतं, त्याचा वाटा कितीही बारीक असो. मधली कंपनी असती तर २ टक्क्याला काही अर्थ नव्हता, एलएलपी आहे म्हणून अर्थ आहे. नव्या कंपनीत मॅडम, पुतण्या, मेहुणा तिघांचीही नावं BEN-2 मध्ये यायला हवीत.

नाव जुळलं म्हणून माणूस तोच असं मात्र धरू नका. आपल्याकडे एका नावाच्या चार बायका एका गल्लीत सापडतील. मॅडम मुंबईच्या कंपनीत डायरेक्टर असतील तर त्यांचा DIN म्हणजे डायरेक्टर नंबर असेल, आठ आकडी. तोच आकडा Form 11 मध्ये आहे का बघा. आकडा जुळला तर बोला.

अंबडवाला
जुळला. आडनाव एका ठिकाणी माहेरचं लावलंय, पण DIN तोच.

गोदाकाठ
आता माझं ऐका, बँकवाल्याचं. तुम्ही बायको मेहुणा करताय, पण साहेब अजून कुठेच नाहीत. नव्या कंपनीने कर्ज घेतलंय का? मास्टर डेटात बोजे दिसतात.

अंबडवाला
हो काका, २०२३ चा आहे, २ कोटी ४० लाख, बँकेचं नाव आहे.

गोदाकाठ
मग ताईंनी आधीच उतरवायला सांगितलेला CHG-1 उघडा आणि त्याची जोडपत्रं वाचा, हायपोथिकेशन डीड म्हणजे तारणाचा करार, मंजुरीपत्र जे असेल ते. चौतीस वर्षांत मी कधी पुतण्याच्या तोंडाकडे बघून दोन कोटी दिले नाहीत. आम्ही विचारायचो की धंदा खरा कोण चालवतो, आणि त्याची वैयक्तिक हमी घ्यायचो. घरात कोणाचं काय चाललंय ते आरओसीला सांगत नाहीत, पण बँकेला सांगावं लागतं, नाहीतर पैसा येत नाही.

अंबडवाला
काका पाय कुठे आहेत तुमचे. डीडच्या पान १९ वर हमीदार म्हणून साहेबांचं नाव, वडिलांच्या नावासकट. आणि गहाण काय आहे तर त्यांच्या गंगापूर रोडचा फ्लॅट.

मेघना_त्र्यंबक रोड
हा आतापर्यंतचा सगळ्यात जड कागद आहे. काका, BEN-2 वर मी तुम्हाला टोकलं होतं, हे मात्र माझ्या डोक्यात चौथ्या नंबरला आलं असतं.

अ‍ॅड_पंचवटी
जड आहे, पण हमीदार म्हणजे मालक नव्हे. पुतण्यासाठी काकाने फ्लॅट गहाण ठेवला असं ते कोर्टात म्हणतील, आणि आपल्याकडे काका ठेवतातही. आणखी एक, हे सगळं सिद्ध झालं तरी जुन्या कंपनीचं देणं आपोआप नव्या कंपनीवर किंवा साहेबांवर येत नाही. कंपनी हा वेगळा माणूस धरतात, तो पडदा कोर्ट सहजी उचलत नाही. दिवाळखोरीच्या दाव्यासाठी एनसीएलटी या न्यायाधिकरणाची वाटही बंद, तिथे किमान एक कोटी थकबाकी लागते. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी असेल तर थकबाकीसाठीच्या फॅसिलिटेशन कौन्सिलला जा, पण तिथेही निकाल जुन्या कंपनीवरच मिळेल. आणि बिलं २०२२-२३ ची आहेत, तीन वर्षांची मुदत मोजा आधी.

अंबडवाला
उद्यम आहे. मुदतीचं म्हणाल तर एप्रिल २०२४ ला ५० हजार आले होते मला, खूप मागे लागलो तेव्हा.

मेघना_त्र्यंबक रोड
कोणाच्या खात्यातून आले??

अंबडवाला
थांबा पासबुक बघतो.

अंबडवाला
नव्या कंपनीच्या खात्यातून. एनईएफटीत तिचंच नाव आहे. आणि नव्या कंपनीचं मी एक पैशाचं काम केलेलं नाही.

मेघना_त्र्यंबक रोड
अहो हे पहिल्या दिवशी सांगायचं ना!! तीन दिवस आपण शंभर शंभर रुपये भरत बसलो आणि नव्या कंपनीने जुनीचं देणं फेडल्याचा कागद तुमच्या ड्रॉवरमध्ये. नोंदीवरून त्यांच्यात नातं आहे एवढं दिसतं. तुमच्या पासबुकात पैसा प्रत्यक्ष हललेला दिसतो. दोन्ही एकत्र लावा.

अ‍ॅड_पंचवटी
मुदतीसाठी ते कितपत चालेल यावर वाद होईल, कारण देणेकऱ्याने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने दिल्याचं त्याच्या हातचं किंवा सहीचं काहीतरी लागतं. पैसे पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल काही आलं होतं का?

अंबडवाला
साहेबांचाच मेसेज आहे, "पन्नास टाकलेत, बाकीचं दिवाळीनंतर". फोन बदलला पण बॅकअप आहे.

अ‍ॅड_पंचवटी
जुना फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. शनिवारी भेटा.

सातपूरकर
म्हणजे मालक साहेबच, मी पहिल्याच कमेंटला म्हणालो होतो.

मेघना_त्र्यंबक रोड
तुम्ही पत्त्यावरून म्हणाला होतात 🙏

अंबडवाले, एक राहिलं. जुन्या कंपनीचं सभासद रजिस्टर रजिस्टर्ड ऑफिसात बघायला मागा, बाहेरच्या माणसालाही जास्तीत जास्त ५० रुपये फी देऊन बघता येतं. मार्च २०२२ नंतर काय झालं ते तिथेच कळेल. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

अंबडवाला
आज गेलो होतो कॅनडा कॉर्नरला. मुलगा म्हणाला रजिस्टर साहेबांकडे आहे. मी विचारलं कोणते साहेब, तर गप्प बसला. अर्ज घेतला नाही, आता अर्ज स्पीड पोस्टाने पाठवतोय.

कांदेपाटील
ताई उतारा आणला. पुतण्याचं नाव २०१९ पासून आहे आणि खाली माझी सही आहे. मी केली नाही हो सही. आता हे कुठे दाखवू?